शेतकऱ्याला कळेल अशी पोस्ट: सोयाबीनच्या हंगामातल्या चार मेसेजची गोष्ट

मागच्या व्हिडिओत कृषी सेवा केंद्र सुरू करण्याचे परवाने आणि भांडवल याबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, दुकान तर उघडलं, आता व्हॉट्सअॅपवर काय टाकायचं?" आज त्याचंच उत्तर. बियाणं आणि सेंद्रिय खत विकणाऱ्यानं पोस्ट कशी लिहायची, हे एकाच पिकावर बघू. पीक सोयाबीन, कारण माझं निम्मं खरीप त्याच्यावरच चालतं.

आधी माझी चूक सांगतो. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी पैसे देऊन एक झकास पोस्टर बनवून घेतलं होतं. हिरवीगार पार्श्वभूमी, नेटवरून घेतलेला हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो, आणि वर मजकूर: "उच्च दर्जाच्या जैविक संवर्धकांद्वारे बीजप्रक्रिया करा, उत्पादनात भरघोस वाढ मिळवा!" खाली दुकानाचं नाव आणि नंबर. लोकांनी अंगठे दाखवले, मी खूश.

जुलैत एक काका दुकानात आले. म्हणाले, "भाऊ, तुमची ती पाकिटं नेली होती. काहीच फरक नाही." मी विचारलं, कशी वापरली? तर त्यांनी जिवाणू खताची पाकिटं पेरणीच्या दिवशी डीएपीत मिसळून पेरणीयंत्राच्या खताच्या पेटीत टाकली होती. जिवाणू म्हणजे जिवंत वस्तू. रासायनिक खताच्या दाण्यांना चिकटून ते टिकत नाहीत, आणि बियाण्याला तर लागलेच नाहीत. काकांचे पैसे वाया गेले. पण चूक काकांची नव्हती. माझ्या पोस्टमध्ये "भरघोस" होतं, "संवर्धक" होतं, फक्त ते पाकीट फोडून कशाला लावायचं एवढंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक नियम धरला. पोस्ट वाचून शेतकऱ्यानं उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर ती पोस्ट नाही, ती दुकानाची पाटी आहे.

एका पोस्टमध्ये एकच काम

आपण दुकानदार लोक एका पोस्टमध्ये बियाणं, गांडूळखत, निंबोळी पेंड, फवारणी पंप आणि दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा घालतो. व्हॉट्सअॅपवर मेसेज लांबला की तो अर्ध्यात कापला जातो आणि खाली "पुढे वाचा" येतं. तिथं बोट ठेवणारे थोडे. म्हणून पहिल्या दोन ओळींत काम आलं पाहिजे, आणि काम एकच पाहिजे.

मी हंगामाचे चार टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्याला एक पोस्ट ठेवली. मे महिन्यात उगवण तपासणी, जूनच्या सुरुवातीला पावसाची वाट, पेरणीच्या आदल्या दिवशी बीजप्रक्रिया, आणि पेरणीनंतर महिन्याभरानं मुळाची पाहणी. बघा, यातल्या दोनच पोस्टमध्ये विक्री आहे. बाकीच्या दोन वाचून माणूस माझ्याकडून काहीच घेणार नाही. पण त्यामुळेच विक्रीच्या पोस्ट उघडल्या जातात.

पहिली पोस्ट: घरचं बी तपासा

सोयाबीन हे स्वतःच्या घरचं बी राखून पुन्हा पेरता येणारं पीक आहे. त्याच्या बियाण्याचं टरफल पातळ असतं, मळणीत मार बसला किंवा पोती उंचावरून आपटली की आतला अंकुर दुखावतो आणि उगवण घटते. 2020 च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या होत्या, ते वर्ष आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. म्हणून ही पोस्ट मी मेच्या मध्यावर टाकतो. ती अशी:

> राम राम मंडळी.
> पेरायच्या आधी सोयाबीनचं बी घरीच तपासा. खर्च शून्य.
> 1. पोत्यात वरून, मधून, खालून मूठ मूठ बी काढा, मिसळा, त्यातले 100 दाणे मोजा. निवडून चांगले घेऊ नका.
> 2. गोणपाट ओलं करा. त्यावर 10 ओळी, प्रत्येक ओळीत 10 दाणे ठेवा. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळा.
> 3. सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाचव्या दिवशी उघडा.
> 4. चांगले निरोगी कोंब मोजा.
> 70 किंवा जास्त उगवले: एकरी 30 किलो पेरा.
> 70 पेक्षा जितके कमी, तितक्या वेळा अर्धा किलो वाढवा. 65 उगवले तर साडेबत्तीस किलो.
> 60 पेक्षा कमी: हे बी पेरू नका.
> मोजताना शंका आली तर गोणपाटाचा फोटो पाठवा.

आता या पोस्टमध्ये "अंकुरण क्षमता" हा शब्द नाही. "टक्के" सुद्धा नाही. शंभर दाण्यांतले किती, एवढंच आहे. हेक्टर नाही, एकर आहे. विद्यापीठाच्या पुस्तिकेत हेक्टरी 75 किलो लिहिलेलं असतं, त्याचे एकरी 30 किलो होतात. हा हिशेब आपण करून द्यायचा, शेतकऱ्यावर टाकायचा नाही.

अर्ध्या किलोचा नियम कुठून आला तेही समजून घ्या, म्हणजे कुणी विचारलं तर अडणार नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 70 टक्के धरतात, आणि 30 किलोचं प्रमाण त्यावर बसवलेलं आहे. उगवण 65 असेल तर 30 गुणिले 70 भागिले 65, म्हणजे 32.3 किलो. अर्ध्या किलोच्या नियमानं साडेबत्तीस येतं. 60 ला बरोबर 35. बांधावर उभ्या माणसाला तोंडी करता येतो असा हा हिशेब आहे.

तुम्ही म्हणाल, घरचं बी चांगलं निघालं तर आपली बॅग कशी विकली जाणार? खरं आहे, काही बॅगा कमी विकतात. पण फोटो पाठवणारे लोक कोण आहेत ते बघा. ज्याचे 50 च उगवले तो बॅग कुठून घेणार? आणि ज्याचे 80 उगवले त्याला बीजप्रक्रियेचं साहित्य लागणारच आहे.

दुसरी पोस्ट: थांबा

ही सगळ्यात लहान पोस्ट, आणि टाकायला सगळ्यात जड. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दुकानात गर्दी होते. त्या दिवशी "लवकर या, स्टॉक मर्यादित" असं लिहायचा मोह होतो. मी हे लिहितो:

> काल पाऊस झाला, पण पेरणीची घाई नको.
> 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावरच सोयाबीन पेरा.
> बी 3 ते 4 सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं खोल. जास्त खोल गेलं तर वर येत नाही.
> बॅग ठेवून घेतली असेल तर थंड, कोरड्या जागी फळीवर ठेवा. एकावर एक थप्पी नको, आपटू नका.

मिलिमीटर हा शब्द इथं ठेवला, कारण तो आता पावसाच्या बातम्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण "सेंटिमीटर" च्या शेजारी "दोन बोटं" दिलं. हा फरक लक्षात घ्या. सोपी भाषा म्हणजे प्रत्येक तांत्रिक शब्द काढून टाकणं नव्हे. शेतकरी रोज डीएपी, वापसा, लॉट, टॅग हे शब्द वापरतो, ते तसेच ठेवा. जे शब्द फक्त माहितीपत्रकात असतात ते काढा.

तिसरी पोस्ट: बीजप्रक्रिया

काकांचं नुकसान झालं ते इथं. त्यामुळे हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी मी स्वतः कागदावर गणित केलं. पावडरच्या जिवाणू खताचं प्रमाण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. बॅग 30 किलोची असेल तर 250 ग्रॅमची 3 पाकिटं. रायझोबियमची 3 आणि पीएसबीची 3. म्हणजे "प्रति किलो 25 ग्रॅम" लिहिण्याऐवजी "एका बॅगला 3 आणि 3 पाकिटं" लिहिलं की काम झालं. काउंटरवरचा मुलगाही चुकत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. बुरशीनाशक आधी, कीटकनाशक लावायचं असेल तर त्यानंतर, आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर औषधाचा थर जिवाणूंवर बसतो आणि ते मरतात. आता पोस्ट बघा:

> उद्या पेरणी? मग आज रात्री नाही, उद्या सकाळी पेरणीच्या आधी हे करा.
> एका बॅगला (30 किलो): रायझोबियम 3 पाकिटं + पीएसबी 3 पाकिटं.
> 1. बी ताडपत्रीवर सावलीत पसरा.
> 2. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते सगळ्यात आधी. बी आधीच रंगीत असेल तर कंपनीनं औषध लावलेलं आहे, पुन्हा लावू नका.
> 3. गुळाचं थंड पाणी हलकंसं शिंपडा. बी भिजवायचं नाही, फक्त चिकट व्हायला हवं.
> 4. वरून पाकिटं टाका, हलक्या हातानं खालीवर करा. चोळू नका, टरफल निघतं.
> 5. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.
> हे पाकीट डीएपी, युरियात मिसळू नका. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका.
> आमच्याकडे मिळेल. एका बॅगचा खर्च ____ रुपये. पाकिटावरची शेवटची तारीख बघूनच घ्या.

रिकामी जागा तुमच्या भावासाठी ठेवली आहे. पण लिहायचं ते पूर्ण बॅगचा खर्च, एका पाकिटाचा नाही. शेतकरी एकराचा हिशेब करत असतो, पाकिटाचा भाव वाचून त्याला सहानं गुणायला लावू नका. द्रवरूप जिवाणू खत विकत असाल तर प्रमाण वेगळं असतं, तेव्हा बाटलीवर छापलेलं प्रमाण घ्या आणि तेही बॅगमागे मोजून लिहा.

"रायझोबियम म्हणजे काय?" असं विचारणारे असतात. त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा: "सोयाबीनच्या मुळावर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू." पीएसबीसाठी: "मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करून देणारे जिवाणू." बास. आणि पाकिटावर पिकाचं नाव बघायला सांगा, कारण हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनला चालत नाही.

चौथी पोस्ट: मूळ उपटून बघा

ही पोस्ट टाकायला दुकानदार घाबरतात, कारण यात आपल्याच मालाची परीक्षा आहे.

> पेरून महिना झाला का? शेतात चार-पाच ठिकाणचं एकेक झाड मातीसकट अलगद काढा. ओढू नका, गाठी तुटतात.
> मुळं पाण्यात धुवा. गाठी दिसतात का?
> एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.
> फोटो पाठवा, बोलू.

पहिल्या वर्षी ही पोस्ट टाकली तेव्हा दोन जणांचे फोटो बिनगाठीचे आले. फोन करून विचारलं. एकानं पाकिटं आठ दिवस पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. दुसऱ्याच्या शेतात बरेच दिवस पाणी साचून होतं, आणि साचलेल्या पाण्यात मुळाला हवा मिळत नाही, गाठी नीट होत नाहीत. पहिल्या कारणावरून मला तिसऱ्या पोस्टमधली डिकीची ओळ सुचली. म्हणजे बघा, पोस्ट सुधारते ती अशी. मार्केटिंगच्या पुस्तकातून नाही.

काय लिहायचं नाही

आता सेंद्रिय खताकडे येऊ, कारण खोटं सगळ्यात जास्त तिथंच लिहिलं जातं. "गांडूळखत वापरा, रासायनिक खत बंद करा!" ही पोस्ट तुम्ही शंभर वेळा बघितली असेल. गणित करून बघा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात नत्र किमान 1 टक्का हवं. म्हणजे 50 किलोच्या पिशवीत साधारण अर्धा किलो नत्र. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे जवळपास 20 किलो नत्र. कुणी तुमच्या पोस्टवर विश्वास ठेवून कपाशीचा युरिया बंद केला आणि एकरी पाच पिशव्या गांडूळखत टाकलं, तर त्याला मिळालं अडीच किलो नत्र. पीक पिवळं पडणार, आणि तो तुमच्या दुकानात येणार.

मग गांडूळखत विकायचं नाही का? विकायचं, पण ते जे करतं तेच लिहून. जमीन भुसभुशीत होते, ओल जास्त दिवस टिकते, जमिनीतला सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो. मी लिहितो: "एका वर्षात चमत्कार होणार नाही. दरवर्षी टाका, रासायनिक खत माती तपासणीच्या अहवालाप्रमाणे कमी करा." हे वाचून गर्दी होत नाही. पण जो घेतो तो पुढच्या वर्षीही घेतो, कारण त्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

तसंच "100 टक्के उगवणीची हमी" आणि "एकरी 15 क्विंटल" हे दोन शब्दप्रयोग माझ्या दुकानात बंद आहेत. पाऊस, खोली, ओल यातलं काहीच आपल्या हातात नाही, तर हमी कशाची? शिवाय सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे मान्य केलं आहे. तुमची पोस्ट स्क्रीनशॉट होऊन तिथं पुरावा म्हणून उभी राहू शकते.

हमीच्या जागी मी ही एक ओळ प्रत्येक बियाण्याच्या पोस्टखाली टाकतो: "पक्कं बिल घ्या. बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बी काढणी होईपर्यंत जपून ठेवा." उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे हेच लागतं. आपल्याच विरुद्ध पुरावा ठेवायला सांगणारा दुकानदार, असं माझ्यावर हसले लोक. पण बिलावर लॉट नंबर लिहिलेला असला की कंपनीकडे दाद मागताना आपणही सुटतो.

पाठवायचं कसं

ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग सुरू होतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, आणि मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. ही अट बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात मेसेज पोचत नाहीत. म्हणून बिल करतानाच गिऱ्हाईकाला म्हणायचं, "दादा, नंबर सेव्ह करा, पेरणीची माहिती पाठवतो." लिस्ट पिकाप्रमाणे वेगळ्या ठेवा. ऊसवाल्याला सोयाबीनची गोणपाटाची पोस्ट गेली की तो पुढची उघडत नाही.

प्रत्येक पोस्टसोबत तोच मजकूर 40-50 सेकंदांच्या आवाजात पाठवा. वयस्कर मंडळी वाचत नाहीत, ऐकतात. बोलताना घाई नको, आकडा दोनदा सांगा. फोटो नेटवरचा नको. आपल्याच ताडपत्रीवरचं बी, आपल्याच शेजारच्या शेतातलं मूळ, अंधुक असलं तरी चालेल.

पाठवायच्या आधी एक परीक्षा घ्या. मजकूर घरातल्या किंवा दुकानात आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवा आणि मोबाईल बाजूला ठेवून विचारा, "काका, आता सांगा, तुम्ही काय करणार?" त्यांनी क्रम बरोबर सांगितला तर पाठवा. जिथं अडखळले ती ओळ बदला. माझी तिसरी पोस्ट या परीक्षेत तीनदा नापास झाली होती. "द्रावण" शब्दाला दोन जण अडले, म्हणून "गुळाचं थंड पाणी" आलं.

आणि मोजायचं काय? अंगठे मोजू नका. दुकानात एक वही ठेवा. पोस्टनंतर आठ दिवसांत किती फोटो आले, किती जणांनी "ते तुम्ही पाठवलं होतं ना, ते द्या" असं म्हटलं, आणि किती जणांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा. एकच प्रश्न चार जणांनी विचारला तर शेतकरी कमी पडले नाहीत, आपली एक ओळ कमी पडली.

या आठवड्याचं काम

तुमच्या दुकानातली एक वस्तू निवडा. ती एका एकराला किंवा एका बॅगला किती लागते, कधी लागते, कशात मिसळायची नाही आणि काम झालं हे डोळ्यांनी कसं ओळखायचं, या चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. एखादं उत्तर येत नसेल तर पोस्ट लिहू नका, आधी कंपनीच्या प्रतिनिधीला किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. उत्तरं आली की त्यातूनच पोस्ट तयार होते.

आणि हो, त्या काकांचं राहिलंच. पुढच्या जूनमध्ये मी त्यांना पाकिटं माझ्या खर्चानं दिली आणि ताडपत्री पसरायला स्वतः गेलो. तिसऱ्या पोस्टसोबत जो फोटो जातो, त्यातले हात त्यांचेच आहेत.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही कशी ठेवायची ते बघू. भेटू या!